शेवटची स्लाइड कव्हरला जोडायची म्हणजे नक्की कुठं जोडायची

प्रश्न: दादा, मी घरच्या कुंड्यांमधल्या झाडांवर इन्स्टा पेज चालवते. कॅरोसेलची शेवटची स्लाइड अशी करतेय की तिची उजवी कड कव्हरच्या डाव्या कडेला बरोब्बर जुळते, वेल एकातून दुसऱ्यात जाते, वर "पुन्हा बघा" आणि बाण पण दिलाय. दिसायला मस्त आहे पण कुणी परत फिरून बघत नाही. काय चुकतंय?

उत्तर:

वेल छान काढली असशील यात शंका नाही, पण ती जोडणी जगात कुणालाच दिसत नाहीये. इन्स्टाग्रामचं कॅरोसेल गोल फिरत नाही ना. शेवटच्या स्लाइडवर अजून पुढं ढकललं तर फोटो थोडासा सरकतो आणि रबरासारखा जागेवर परत येतो, कव्हर काही येत नाही. म्हणजे तुझ्या शेवटच्या स्लाइडची उजवी कड आणि पहिलीची डावी कड या दोघी आयुष्यात एकदाही शेजारी येत नाहीत. तुझ्या डिझाइनच्या फाइलमध्ये येतात कारण तिथं तू आर्टबोर्ड ओळीनं लावलेत आणि पहिला आर्टबोर्ड शेवटी कॉपी करून जुळणी तपासलीस, हो ना? मी पण पहिली दोनेक वर्षं हेच केलंय म्हणून माहितीये.

आणि तो बाण. उजवीकडं तोंड करून असेल तर तो सरळ सरळ चुकीचा रस्ता दाखवतोय. वाचणारा पुढं ढकलतो, रबर, परत ढकलतो, रबर, आणि मग वर स्क्रोल करून निघून जातो. कव्हर डावीकडं आहे तर बाण डावीकडंच हवा. गोल फिरणारे दोन बाण पण नको टाकूस, २०२५ पासून इन्स्टावर रिपोस्टचं बटण आलंय त्याचं चिन्ह साधारण तसंच आहे, लोकांना वाटतं रिपोस्ट करायला सांगताय.

आता मुद्द्याचं. माणूस कव्हरवर परत जातो तो उडी मारून नाही, चालत जातो. आठ स्लाइड असतील तर सात वेळा बोट उलटं फिरवायचं, आणि वाटेत सात, सहा, पाच, चार असं सगळं उलट्या क्रमानं त्याच्या डोळ्यांसमोरून पटापट जातं. म्हणजे शेवटच्या स्लाइडचं काम फक्त एक, सात वेळा बोट फिरवायचा कंटाळा येणार नाही एवढं सबळ कारण द्यायचं. आणि कव्हरवर पोचल्यावर त्याला काहीतरी मिळायला हवं जे पहिल्यांदा तिथं असूनही दिसलं नव्हतं. म्हणून मी आता लूप शेवटच्या आणि पहिल्या स्लाइडमध्ये बांधतच नाही, तो दुसऱ्या आणि पहिल्या स्लाइडमध्ये बांधतो. कारण परत येताना जो सांधा खरंच दिसतो तो २ वरून १ वर येतानाचा. हे जरा विचित्र वाटेल म्हणून एक केलेलं काम पूर्ण सांगतो.

पैठणी विकणाऱ्या एका ताईंसाठी केलं होतं, माल येवल्याहून येतो त्यांचा. त्यांना गिऱ्हाइकांना एवढंच शिकवायचं होतं की हातानं विणलेली पैठणी ओळखायची तर उलटी करून बघा. हातमागावर पदराची नक्षी विणताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर असतो, विणकर त्या त्या रंगापुरता तो धागा फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो, म्हणून मागं धागे लोंबत नाहीत आणि मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर, काढलेल्या नक्षीत धागा मागून एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत तसाच धावत जातो, मग मागं धाग्यांचं जाळं दिसतं किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा. (एक खुलासा, जॅकार्ड लावलेले हातमाग पण असतात, तेव्हा मागं जाळं दिसलं म्हणजे लगेच मशीनची किंवा फसवणूक असं नाही, पदर कांड्यांवर हातानं भरलेला नाही एवढंच त्यातून कळतं. हे आम्ही पहिल्या मसुद्यात चुकीचं लिहिलं होतं, ताईंच्या विणकरानं फोनवर झापलं तेव्हा सुधारलं.)

पहिला मसुदा मी नेहमीसारखाच केला होता. कव्हरवर पदराचा सुंदर फोटो, "अस्सल पैठणी कशी ओळखाल?", मग सहा स्लाइड माहिती, आणि शेवटी "आवडलं तर सेव्ह करा, शेअर करा, फॉलो करा, पुन्हा वाचा". चार कामं सांगितली की माणूस एकही करत नाही, हे बायकोनं मला घरातल्या कामांवरून कितीदा ऐकवलंय पण डिझाइनमध्ये कळायला वेळ लागला.

मग डोक्यात आलं की मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते हीच जर गोष्ट आहे तर कव्हरवर मागचीच बाजू टाकू. कुणाला सांगायचं नाही. लोक बघणार, छान पैठणी म्हणणार, पुढं जाणार. शेवटच्या स्लाइडवर सांगायचं की पहिल्या फोटोत पैठणी उलटी होती. आता सांग, तू परत जाशील की नाही? जाशीलच, कारण तुला स्वतःच्या डोळ्यांवर शंका आलीये. "पुन्हा बघा" ही विनंती असते, आणि ही शंका असते, विनंती नाकारायला काही लागत नाही पण शंका सात वेळा बोट फिरवायला लावते.

कव्हरवरची ओळ पण तशीच शोधली: "पैठणी घेताना ही बाजू बघा." पहिल्यांदा वाचताना "ही बाजू" म्हणजे असंच काहीतरी, या विषयाचा हा पैलू वगैरे, डोळा त्यावरून घसरतो. परत आल्यावर तीच ओळ अक्षरशः खरी असते, ही समोर दिसतेय ती, मागची. एक अक्षर न बदलता अर्थ बदलला. तुला कव्हर लिहिताना अशी ओळ सापडली की अर्धं काम झालं समज. सापडत नसेल तर शेवटची स्लाइड आधी लिही आणि मग तिथून मागं येत कव्हर लिही, मी आता कायम उलटंच लिहितो. कव्हर आधी लिहिलं की ते सगळं सांगून मोकळं होतं आणि परत येणाऱ्यासाठी काही शिल्लक राहत नाही. "ओळखा पाहू, सुलटी की उलटी?" असं लिहिलं असतं तर लाइक्स कदाचित जास्त आले असते पण गंमत पहिल्या सेकंदाला संपली असती.

आता फोटोची गोष्ट, इथं आम्ही दोनदा आपटलो. पहिल्यांदा बांगडी मोराचा पदर घेतला कारण दिसायला तोच भारी. फोटो काढले, स्लाइड केल्या, माझ्या दुसऱ्या प्रायव्हेट अकाउंटवर पोस्ट टाकली आणि ताईंच्या दुकानात आलेल्या पाच बायकांच्या हातात फोन दिला. पाचही जणी शेवटपर्यंत गेल्या, तिघी परत कव्हरवर आल्या, आणि तिघींनी कव्हर बघून मान वर करून विचारलं, "मग? कशावरून उलटी?" बरोबरच होतं त्यांचं. त्या पदरावरची नक्षी डावी-उजवी सारखी होती, उलटी केली तरी तशीच दिसणार. आम्ही त्यांना सात स्लाइड मागं चालत आणलं आणि दारात कुलूप. यापेक्षा न बोलावलेलं बरं, कारण असा एकदा फसलेला माणूस तुझ्या पुढच्या पोस्टला परत फिरत नाही.

म्हणून मग काठावरचे पोपट घेतले, एकाच दिशेला तोंड करून बसलेली रांग. पुढून बघितलं तर तोंडं उजवीकडं, कापड उलटं केलं तर डावीकडं. हा पुरावा डोळ्यांना दिसतो, समजावून सांगावा लागत नाही. आणि इथंच तो २ आणि १ चा सांधा आला. दुसऱ्या स्लाइडवर त्याच काठाचा सुलटा फोटो ठेवला, त्याच उंचीवरून, त्याच उजेडात, काठ फ्रेममध्ये त्याच जागी. म्हणजे परत येणारा माणूस २ वरून १ वर येतो तेव्हा पोपट एका झटक्यात तोंड फिरवतात. आपण लहानपणी वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फरफर सोडायचो ना, अगदी तसं. हा झटका आठ आणि एकच्या मध्ये कधीच देता आला नसता.

तू म्हणशील मग पहिल्यांदा १ वरून २ वर जातानाच दिसेल की. थोड्यांना दिसतं. पण पहिल्या वेळी माणूस पोपटांची तोंडं बघत नसतो, तो दुसऱ्या स्लाइडवरचा मजकूर वाचायला गेलेला असतो. आम्ही २ वर खालच्या एक तृतीयांश भागात जाड अक्षरात दोन ओळी ठेवल्या, "दुकानात घडी उघडतात ती पुढच्या बाजूनं. मागची कुणी दाखवतं का?", डोळा थेट तिथं जातो. शेवटच्या स्लाइडवर "पोपटांची तोंडं बघा" असं सांगितल्यावर मात्र परत येताना त्याला दुसरं काही दिसतच नाही. एकीला पहिल्याच वेळी कळलं होतं, ती म्हणाली "फोटो फ्लिप केलाय का?" आणि त्यातून दुसरा घोळ लक्षात आला.

डावं-उजवं बदललं की लोकांना पहिला संशय येतो तो फोटो एडिट करून उलटा केल्याचा. आरशातला फोटो, झालं. मग सगळी मेहनत पाण्यात, उलट ताईच खोट्या ठरतात. त्यावर उपाय साधाच निघाला, दोन्ही फोटोंत काठाच्या शेजारी शिंप्याची टेप ठेवली. टेपवरचे आकडे दोन्हीकडं सरळ वाचता येतात, म्हणजे फोटो फिरवलेला नाही, कापडच फिरवलंय. कुणाला सांगावं लागलं नाही, ज्याला संशय येतो तो स्वतःच आकडे बघतो. तुझ्या विषयात पण हे लक्षात ठेव, कव्हरवर जी खूण लपवतेस ती खरीच होती हे फोटोतच कुठंतरी दिसलं पाहिजे.

खूण कुठं ठेवायची तेही सांगतो. आम्ही १०८० बाय १३५० वर केलं. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये आता उभा ३:४ चा चौकोन दिसतो, तिथं या मापाच्या दोन्ही बाजूंनी साधारण ३४-३४ पिक्सेल कापले जातात, त्यामुळं खूण अगदी कडेला नको. उजव्या वरच्या कोपऱ्यात तर अजिबात नको, तिथं 1/8 असा काउंटर येतो. आमच्या पहिल्या फोटोत नेमका एक पोपट त्याखाली गेला होता. खूण मध्यापासून जरा खाली आणि अंगठ्याएवढी मोठी असावी. झूम करून शोधावी लागली तर ती खूण नाही, शिक्षा आहे. तिचा रंग पण आजूबाजूपेक्षा फार वेगळा करू नकोस नाहीतर पहिल्याच वेळी डोळ्यात भरते. थोडक्यात ती पहिल्यांदा दुर्लक्ष होईल इतकी साधी आणि सांगितल्यावर लगेच दिसेल इतकी मोठी हवी. हे बसवायला मला फोटो काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

शेवटच्या स्लाइडवर फायनल काय गेलं ते जसंच्या तसं देतो. मोकळी जांभळी पार्श्वभूमी, मधोमध "पहिल्या फोटोत पैठणी उलटी होती." आणि खाली बारीक अक्षरात "पोपटांची तोंडं बघून या", डावीकडं तोंड केलेला एक छोटा बाण. बस. लोगो नाही, नंबर नाही, फॉलो नाही. ताई म्हणाल्या अहो निदान व्हॉट्सअॅप नंबर तरी टाका, तो कॅप्शनमध्ये टाकला. सेव्ह करायची विनंती सातव्या स्लाइडवर नेली, जिथं दुकानात विचारायचे प्रश्न होते, कारण ती स्लाइडच खरं तर सेव्ह करण्याजोगी होती. आणि एक मोह टाळ, शेवटच्या स्लाइडवर कव्हरचा छोटा फोटो देऊन त्यावर लाल गोल काढायचा. मी तेही करून बघितलंय. उत्तर तिथंच मिळालं की मागं जायचं कारण संपलं. शेवटच्या स्लाइडनं सांगायचं, दाखवायचं काम कव्हरचं.

मधल्या स्लाइडबद्दल फार नाही सांगत. एवढंच की परत येताना त्या वाचल्या जात नाहीत, नुसत्या सरकतात, तेव्हा त्यांची मांडणी एकसारखी ठेव, मजकूर एकाच जागी, म्हणजे बोट अडखळत नाही. आम्ही खालून एक जरीची रेघ सलग नेली होती, शेजारशेजारच्या स्लाइडमध्ये ती जुळते कारण तिथं कडा खरंच एकमेकींना भेटतात, आणि आठव्यावर ती रेघ कडेपर्यंत न जाता वळून मागं फिरते. तुझी वेल इथं कामाला येईल. शेवटच्या स्लाइडवर तिला बाहेर जाऊ देऊ नकोस, वळव. आणि स्लाइड आठच्या वर नको. आता वीसपर्यंत टाकता येतात हे खरं, पण वीस स्लाइडवरून कव्हरला यायला एकोणीस वेळा बोट फिरवावं लागतं, तेवढं तर मी स्वतःच्या लग्नाच्या फोटोंसाठी पण करणार नाही.

अजून एक भानगड आहे. फीडमध्ये एखाद्यानं कव्हर बघून पोस्ट सोडून दिली तर इन्स्टा कधीकधी तीच पोस्ट त्याला परत दाखवताना दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. असा माणूस २ वरून सुरू करून ८ पर्यंत जातो, कव्हर त्यानं धड बघितलेलंच नसतं. म्हणून शेवटची ओळ अशी लिही की ज्यानं कव्हर नीट पाहिलं नाही त्यालाही कळावी. "तुम्हाला आठवतंय का?" असं लिहिलं तर त्याला काहीच आठवत नसतं. "पहिल्या फोटोत" म्हटलं की त्याला निदान कुठं जायचं ते कळतं. आणि २ वर त्याच काठाचा सुलटा फोटो आहे, त्यामुळं तिथून आलेल्यालाही तो पोपटांचा झटका मिळतोच.

चाललं की नाही हे कसं कळणार? इनसाइट्समध्ये मागं किती जणांनी स्वाइप केलं असा आकडा मिळत नाही. व्ह्यूज आणि किती अकाउंटपर्यंत पोचलं यांचं गुणोत्तर काढून काही जण सांगतात की एकेकानं किती वेळा बघितलं, पण एकाच माणसाला पोस्ट पुन्हा दाखवली गेली तरी ते वाढतं, मी त्यावर निकाल देत नाही. मी बघतो कमेंट. "अरे हो की!", "परत जाऊन बघितलं" अशा कमेंट आल्या की लूप बसला. "कळलं नाही", "कुठं?" अशा आल्या की खूण कमी पडली. आणि पोस्ट करायच्या आधी पाच-सहा जणांच्या हातात फोन द्यायचा, काही बोलायचं नाही, फक्त अंगठा कुठं जातो ते बघायचं. डिझाइनवाल्यांना दाखवू नकोस, ते आधी फॉन्ट बघतात. कमेंटमध्ये कुणीतरी गंमत फोडणारच, फोडू दे, कमेंट वाचणारा बहुतेक वेळा आधी स्लाइड बघून आलेला असतो.

प्रत्येक पोस्टला मात्र हे करू नकोस. खत किती ग्रॅम, कुठल्या महिन्यात काय लावायचं, असल्या पोस्टला लोक सेव्ह करून स्वतःहून परत येतात, तिथं लपवाछपवी म्हणजे त्रास. जिथं तुझा मुद्दाच "समोर असून दिसत नाही" असा असेल तिथंच. महिन्यात एखादी पुरे, नाहीतर लोक कव्हरवर आल्या आल्या खूण शोधायला लागतात.

तुझ्या कुंड्यांसाठी लगेच सुचतंय ते सांगतो. कढीपत्ता पिवळा पडतो हा प्रश्न तुला रोज येत असणार. कव्हरवर पिवळ्या पानांचा कढीपत्ता, कुंडीखाली ताटली, ताटलीत पाणी साचलेलं, पण उजेड पानांवर, ताटली जराशी सावलीत. ओळ: "एवढं पाणी घालूनही कढीपत्ता पिवळा का पडतो?" दुसऱ्या स्लाइडवर तीच कुंडी, तीच फ्रेम, ताटली कोरडी आणि पानं हिरवी, म्हणजे हा फोटो तुला पाणी कमी करून काही आठवड्यांनी काढावा लागेल, घाई करू नकोस आणि दुसरं झाड ठेवू नकोस, लोक कुंडीवरचा चरा पण बघतात. मधे मुळं कुजणं, कुंडीची भोकं, माती बोटानं तपासणं वगैरे. शेवटी फक्त, "पहिल्या फोटोतली ताटली बघितली का?" परत जाऊन तोच माणूस "एवढं पाणी घालूनही" वाचेल आणि त्याला कळेल की घालून"ही" नाही, घालून"च".